फॅब्रिक सॉफ्टनर, साबण आणि सशाचं चित्र: व्हीगन / क्रुएल्टी-फ्री दावे तपासायचे कसे?

निळीशाई

खाण्यातलं दूधदुभतं, मध वगैरे सुटून दोन वर्षं झाली. न्हाणीघराकडे मात्र आत्ता कुठे लक्ष गेलं. मागच्या रविवारी तीन वस्तू ओट्यावर मांडल्या आणि भिंग घेऊन बसले. (भिंग खरंच लागलं. ती अक्षरं मुंगीच्या पायाएवढी असतात.)

पहिली, अंगाचा साबण. पाठीमागे सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट, पाणी, ग्लिसरीन, सुवास, मीठ, स्टीअरिक ॲसिड आणि एक पांढरा रंग. पाम म्हणजे झाड, इतपत कळलं.

दुसरी, कपड्यांचं लिक्विड. यादी अशी नाहीच. 'ॲनायोनिक सर्फॅक्टंट्स, साबण ५ टक्क्यांहून कमी, एन्झाइम्स, सुवास', संपलं.

तिसरी, सॉफ्टनर. 'कॅटायोनिक सर्फॅक्टंट्स, सुवास, प्रिझर्व्हेटिव्ह'. पण पुढच्या बाजूला हिरवं पान, सशाचं चित्र आणि ठसठशीत 'क्रुएल्टी-फ्री'.

सॉफ्टनरच्या कंपनीला विचारलं की हे व्हीगन आहे का. उत्तर आलं: "आमची तयार उत्पादने प्राण्यांवर तपासली जात नाहीत. आम्ही लागू असलेल्या सर्व कायद्यांचे पालन करतो." वाचून बरं वाटलं. मग लक्षात आलं की मी विचारलं होतं त्याचं उत्तर यात नाहीच. की आहे आणि मला कळत नाहीये?

---

उगाच_एक

साबणात ग्लिसरीन लिहिलंय ना? मग चरबी आहे. ग्लिसरीन चरबीतूनच निघतं. विषय संपला.

---

रसायनी

उगाच_एक, अर्धं बरोबर. ग्लिसरीन तेलातून किंवा चरबीतून निघतं, आणि खोबरेल हेही तेलच. शिवाय पेट्रोलियमपासूनही बनतं. नुसत्या 'ग्लिसरीन' शब्दावरून काही ठरत नाही, ना शाकाहारी ना मांसाहारी.

निळीशाई, मी बरीच वर्षं डिटर्जंटचा कच्चा माल तपासण्याचं काम केलं, म्हणून जरा लांबण लावतो.

अंगाच्या साबणाच्या यादीत एक सोय आहे. ज्या तेलाचा साबण केला त्याचं नाव बहुधा शब्दातच बसलेलं असतं. टॅलोएट म्हणजे गुराची किंवा मेंढीची चरबी, लार्डेट म्हणजे डुकराची. कोकोएट नारळ, ऑलिव्हेट ऑलिव्ह, पामेट पाम. इथपर्यंत सरळ.

खाचखळगा पुढे आहे. पामेट आणि पामिटेट वेगळे. पामेट म्हणजे पाम तेलाचा साबण. पामिटेट म्हणजे पामिटिक आम्लाचं मीठ, आणि ते आम्ल पाम तेलात असतं तसंच चरबीतही भरपूर असतं. नाव पामवरून पडलंय इतकंच. तीच गत स्टीअरेट आणि ओलिएटची. ही रेणूंची नावं आहेत, झाडांची किंवा जनावरांची नाहीत. तुमच्या साबणात मूळ साबण पामचा, म्हणजे वनस्पतीचा. लटकलेले दोनच, ग्लिसरीन आणि स्टीअरिक ॲसिड. त्यातही स्टीअरिकबद्दल मी आधी विचारेन, कारण ते चरबीतून काढणं सोपं आहे. चरबीत ते साधारण पाचवा हिस्सा असतं, पाम तेलात पाच टक्क्यांच्या आसपास. पामपासूनही बनवतात, पण त्याला जास्त खटाटोप लागतो.

उलट जिथे 'लॉरिल' किंवा 'कोको' दिसेल तिथे निर्धास्त राहा. लॉरिल म्हणजे बारा कार्बनची साखळी. ती खोबरेलात आणि पामच्या बीच्या तेलात निम्म्याच्या आसपास असते, चरबीत नावापुरती. चरबीतून लॉरिल काढण्याचा उद्योग कोणी शहाणा करणार नाही.

आता सॉफ्टनर. तुमच्या तिन्हींत खरी गोम इथेच आहे.

सॉफ्टनर कपडा धूत नाही. तो कपड्यावर मेदाचा पातळ थर बसवतो. त्यातल्या कॅटायोनिक सर्फॅक्टंटच्या रेणूचं डोकं धन भाराचं, धुतलेलं सूत ऋण भाराचं, म्हणून डोकं सुताला चिकटतं आणि लांब शेपट्या बाहेर लोंबत राहतात. आपल्या बोटांना जो मऊपणा लागतो तो या शेपट्यांचा. शेपटी सोळा-अठरा कार्बनची असली की सगळ्यात छान लागते, आणि सोळा-अठरा कार्बनचा ढीगभर, स्वस्त माल दोनच ठिकाणी मिळतो: गुराची चरबी आणि पाम तेल.

जुन्या सॉफ्टनरच्या मुख्य द्रव्याच्या नावातच 'डायटॅलो' असायचं, म्हणजे चरबीच्या दोन शेपट्या. ते पाण्यात लवकर कुजत नाही म्हणून नव्वदच्या दशकात युरोपात मागे पडलं आणि एस्टरक्वॅट हे नवे कॅटायोनिक सर्फॅक्टंट आले. ते लवकर कुजतात, ही चांगली गोष्ट. पण शेपटी चरबीचीच ठेवायला कोणाची आडकाठी नव्हती. आजही काही एस्टरक्वॅट चरबीचे, काही पामचे असतात.

आमच्याकडे पिंपं यायची तेव्हा दोन्ही माल शेजारी शेजारी उभे असत. रंग जवळपास एक, वासात फरक असला तर सुगंध घातल्यावर तोही जाई. कागदावर दोन्हींचं वर्णन 'सी १६-१८'. पुरवठादाराकडे एक संपला की दुसरा पाठवू का असा फोन येई, आणि गुणधर्म मापात बसले की होकार जाई. बाटलीवरचा मजकूर दोन्ही वेळा तोच, 'कॅटायोनिक सर्फॅक्टंट्स'.

म्हणून तुमच्या बाटलीवरून मी सांगू शकत नाही. आणि कंपनीच्या ग्राहक सेवेत पत्र लिहिणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं.

---

मीनल_त

खूप उपयोगी धागा. माझ्या मुलीला (वय ३) नवीन लिक्विडने पाठीवर लाल चट्टे उठलेत. व्हीगन लिक्विड सौम्य असतं ना? कुठलं घेऊ?

---

रसायनी

मीनलताई, व्हीगन म्हणजे सौम्य असं मुळीच नाही. चट्टे येतात ते बहुतेक सुवास किंवा प्रिझर्व्हेटिव्हमुळे, आणि ते दोन्ही व्हीगन बाटलीतही असतातच. बिनवासाचं घ्या, माप कमी करा, मशीनला एक खळबळणं जादा द्या. आणि आधी डॉक्टरांना दाखवा, ते चट्टे कपड्यांमुळेच आहेत हेही अजून ठरलेलं नाही.

---

अर्धविराम

रसायनींनी 'आत काय आहे' ते सांगितलं. मी 'कशावर तपासलं' त्याबद्दल लिहिते, कारण निळीशाईला आलेलं उत्तर त्याच खात्यातलं आहे. दोन प्रश्न पूर्ण वेगळे आहेत आणि कंपन्या एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊन मोकळ्या होतात. चरबीचा साबण क्रुएल्टी-फ्री असू शकतो. शंभर टक्के वनस्पतीचं लिक्विड सशाच्या डोळ्यात घालून तपासलेलं असू शकतं.

त्या उत्तराचे दोन तुकडे करू.

"आमची तयार उत्पादने." सगळा जीव 'तयार' या शब्दात आहे. बाटलीतलं अख्खं मिश्रण हल्ली क्वचितच प्राण्यावर तपासतात. तपासलं जातं ते एकेक द्रव्य, तेही कंपनीने नव्हे तर पुरवठादाराने किंवा त्याने पैसे देऊन नेमलेल्या प्रयोगशाळेने. म्हणून हे वाक्य खरं आहे आणि निरुपयोगीही.

"लागू असलेल्या सर्व कायद्यांचे पालन." यातून 'कायद्याने मागितलं तर तपासू' असाही अर्थ निघतो. मग कायदा काय मागतो ते बघावं लागतं.

इथे लोक हमखास फसतात. युरोपीय संघात ११ मार्च २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेली सौंदर्यप्रसाधनं विकायला बंदी आहे. भारतातही २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या अशा चाचण्यांवर बंदी आली. हे वाचून आपण सुस्कारा टाकतो. पण कपड्यांचं डिटर्जंट आणि सॉफ्टनर ही सौंदर्यप्रसाधनं नाहीत. अंगाचा साबण त्या बंदीखाली येतो, बाजूची सॉफ्टनरची बाटली येत नाही. तिच्यातली द्रव्यं सर्वसाधारण रसायनांच्या कायद्याखाली येतात. युरोपात त्याला 'रीच' म्हणतात. वर्षाला १० टन किंवा जास्त माल बनवायचा किंवा आणायचा तर त्या द्रव्याची माशांवरची विषबाधा सांगावी लागते, जुनी माहिती किंवा दुसरा मान्य मार्ग नसेल तर.

मासे का, तर डिटर्जंट शेवटी पाण्यातच जातं. ठरलेली चाचणी ९६ तासांची असते. वेगवेगळ्या टाक्यांत द्रव्याचं प्रमाण कमी-जास्त ठेवतात आणि किती प्रमाणाला निम्मे मासे मरतात ते बघतात. बाटलीवर ससा काढतात, माशाचं चित्र काढलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

---

उगाच_एक

म्हणजे मासे मारल्याशिवाय कपडे धुताच येत नाहीत? मग हा सगळा खटाटोप कशाला. आणि एन्झाइम्स तर जनावराच्या आतड्यातून काढतात, त्याचं काय?

---

रसायनी

एन्झाइमचं शंभर वर्षांपूर्वी खरं होतं. १९१३ मध्ये ओटो रोम याने जनावरांच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम कपडे धुण्यासाठी वापरायचं पेटंट घेतलं होतं. आजची डिटर्जंटची एन्झाइम्स टाक्यांमध्ये जिवाणू आणि बुरशी वाढवून काढतात. स्वस्त पडतात आणि साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात टिकतात, स्वादुपिंडाची इतकी टिकत नसत. एन्झाइमच्या नावाने कंपनीला पत्र लिहू नका, वेळ जाईल. निळीशाईच्या लिक्विडमध्ये बघायचं तर 'साबण ५ टक्क्यांहून कमी' इकडे बघा. हा साबण फेस आवरायला घालतात आणि तो कसल्या मेदाचा ते तिथे लिहिलेलं नाही.

---

अर्धविराम

@उगाच_एक, खटाटोप कशाला ते सांगते. लॉरिल सल्फेटसारखी द्रव्यं फार जुनी आहेत, त्यांच्या चाचण्या कधीच होऊन गेल्या. पाणीसुद्धा कुणीतरी कधीतरी प्राण्यावर तपासलंय. 'कधीच तपासलं गेलं नाही असं द्रव्य' हा निकष धरला तर वाटी कोरडी राहील. म्हणून चांगल्या प्रमाणपत्रांमध्ये एक ठरावीक तारीख असते: या तारखेनंतर आम्ही किंवा आमच्या पुरवठादारांनी या मालासाठी प्राण्यांवर चाचणी केली नाही, करवली नाही. भूतकाळ पुसता येत नाही, पण नवीन चाचणीला माझा पैसा जात नाही एवढं त्यातून कळतं.

आता ससे. सशाचं चित्र कोणीही काढू शकतं, सशावर कोणाची मालकी नाही. अमेरिकेत तर 'क्रुएल्टी-फ्री' या शब्दालाही कायद्यात व्याख्या नाही. मी ज्यांना वजन देते ते असे.

'लीपिंग बनी' ही उडी मारणाऱ्या सशाची खूण. तिचा निकष १९९६ पासूनचा आहे आणि घरगुती धुण्याच्या वस्तूंनाही लागतो. कंपनीला वर सांगितलेली तारीख ठरवावी लागते, कच्च्या मालाच्या पुरवठादारांवर लक्ष ठेवायची पद्धत लावावी लागते, दरवर्षी पुन्हा लिहून द्यावं लागतं आणि बाहेरचा माणूस येऊन कागद तपासतो. मात्र आत चरबी आहे की नाही, याबद्दल ही खूण एक अक्षर बोलत नाही.

'पेटा'च्या यादीत कंपनी लेखी हमी देते, बाहेरून लेखापरीक्षण होत नाही. त्यांचे दोन प्रकार आहेत, एक नुसता चाचणीचा आणि दुसरा व्हीगनसकट. कोणता ते वाचून घ्या.

'व्हीगन सोसायटी'ची सूर्यफुलाची खूण १९९० पासून आहे. ती कंपनीला नाही, एकेका वस्तूला मिळते. आतलं द्रव्य आणि चाचणी दोन्ही तिच्यात येतात. एकाच कंपनीच्या लिक्विडला खूण आणि सॉफ्टनरला नाही असं दिसलं, तर ते बहुधा विसरलेले नसतात.

आणि बाटलीवरची खूण हा पुरावा मानू नका. या संस्थांच्या संकेतस्थळांवर याद्या असतात, तिथे नाव शोधा. उलटही होतं: चित्र वापरायचे वेगळे पैसे असतात म्हणून यादीत असलेली छोटी कंपनी बाटलीवर काहीच छापत नाही.

---

निळीशाई

शोधलं. सॉफ्टनरची कंपनी तिन्हींपैकी एकाही यादीत नाही. तो ससा त्यांच्या चित्रकाराचा दिसतोय. कान जरा मोठेच आहेत.

दुसरं पत्र लिहितेय. मसुदा: "आपल्या सॉफ्टनरमध्ये प्राणिजन्य घटक आहेत का? कृपया कळवावे."

---

रसायनी

असं विचारलंत तर 'नाही' येईल, आणि लिहिणाऱ्याला ते खोटं वाटणारही नाही. चरबीचा एस्टरक्वॅट त्याच्या लेखी रसायन आहे, प्राणी नव्हे. ज्याला खरेदी खात्याकडे जावंच लागेल असा प्रश्न विचारा:

"या सॉफ्टनरमधील कॅटायोनिक सर्फॅक्टंटची मेदाम्ल साखळी वनस्पतीची आहे की गुराच्या चरबीची? प्रत्येक उत्पादन-तुकडीत तीच असते की पुरवठ्यानुसार बदलते? पुरवठादाराचे उगम प्रमाणपत्र आपल्याकडे आहे का?"

मधला प्रश्न गाळू नका. उगम विचारला की आजच्या पिंपाचं सांगतात, पुढच्या महिन्याचं नाही. लिक्विडच्या कंपनीलाही हेच विचारा, फक्त 'कॅटायोनिक सर्फॅक्टंट'च्या जागी 'साबण' घाला.

---

अर्धविराम

आणि चाचणीसाठी एक ओळ: "आपण, आपले पुरवठादार किंवा आपल्या वतीने अन्य कोणी, कोणत्या तारखेनंतर या उत्पादनासाठी किंवा त्यातील घटकांसाठी प्राण्यांवर (माशांसह) चाचणी केलेली नाही?" तारीख मागितली की 'आम्ही प्राण्यांवर प्रेम करतो' हे उत्तर चालत नाही.

---

जुना_वाचक

घरी तपासता नाही का येत? आमच्याकडे एकजण सांगायचे, साबण जाळून बघायचा, चरबीचा असेल तर मटणाचा वास येतो.

---

रसायनी

काका, साबण जाळून साबण जळल्याचाच वास येतो. शुद्ध केलेल्या चरबीला वास राहत नाही आणि वर सुगंध असतो. पाम आणि चरबी इतके सारखे आहेत की प्रयोगशाळेतल्या साध्या मापांवरही भरवसा ठेवता येत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. त्यात रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चरबीतली पंधरा-सतरा कार्बनची विषम आम्लं दिसतात, आणि वेगळं काढून बघितलं तर कोलेस्टेरॉलचा माग लागतो. वनस्पतीत त्याऐवजी वनस्पतीचे स्टेरॉल असतात. साबणाच्या वडीवर हे जमतं. सॉफ्टनरवर अवघड, कारण तिथे मेदाचं रूप बरंच बदललेलं असतं आणि त्याआधी आम्लं शुद्ध केलेली असतात. थोडक्यात, कागद मागणं स्वस्त.

---

वनवासी

एवढं सगळं कशाला? रिठे वापरा. झाडावरून थेट बादलीत. ना कंपनी, ना ससा, ना पत्र. मी चार वर्षं वापरतोय.

---

अर्धविराम

वनवासी, मीही वापरले. रोजच्या घामाच्या कपड्यांना ठीक. पण तेलकट कॉलर आणि भाजीचा डाग तसाच राहतो, पांढरे कपडे हळूहळू करडे होतात. आणि चिमटा काढते म्हणून रागावू नका: रिठ्यातलं जे सॅपोनिन फेस करतं ते माशांना विषारी असतं. सॅपोनिनवाल्या वनस्पती पाण्यात कालवून मासे पकडायची रीत जगात ठिकठिकाणी होती. बादलीभर पाणी झाडांना घातलंत तर हरकत नाही, ओढ्यात ओतू नका.

---

वनवासी

झाडांनाच घालतो. कॉलरींबद्दल मात्र काही म्हणायचं नाही.

---

साबण_घोळणारी

मी घरी वड्या करते, व्हीगनच. ज्यांना वाटतं चरबीच्या जागी दुसरं तेल तेवढंच घातलं की झालं, त्यांच्यासाठी: नाही झालं. एक किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, ऑलिव्हला १३५, चरबीला १४० च्या आसपास. चरबीच्या कृतीत नुसतं तेल बदललंत आणि ऑलिव्ह घातलंत तर थोडं कॉस्टिक उरू शकतं, खोबरेल घातलंत तर तेल उरेल. हिशोब नव्याने करायचा. मी सात भाग ऑलिव्ह, तीन भाग खोबरेल घेते आणि मेद थोडा शिल्लक राहावा म्हणून निघालेल्या कॉस्टिकमधून पाच टक्के कमी करते. सुरुवातीला वडी मऊ आणि बुळबुळीत असते. दीड-दोन महिने वाळवली की जमते. चरबीचा कडकपणा तिला येत नाही, हे खरं सांगायला हवं.

या वड्या किसून मशीनमध्ये घालू नका. पाणी जड असेल तर साबणाचा चुनकट साका कपड्यात बसतो आणि दोन महिन्यांनी टॉवेल पुठ्ठ्यासारखा होतो. कपड्यांना डिटर्जंटच हवं.

---

निळीशाई

उत्तरं आली! तीन आठवडे लागले.

सॉफ्टनर: पहिलं उत्तर पुन्हा 'तयार उत्पादने' छापाचं. मी तोच प्रश्न परत पाठवला आणि 'कृपया खरेदी किंवा गुणवत्ता विभागाकडे द्यावा' असं वर जोडलं. मग आलं: "मेदाम्ल साखळी वनस्पतिजन्य अथवा प्राणिजन्य असू शकते, उपलब्धतेनुसार." रसायनींचा फोनवाला किस्सा तंतोतंत. तारखेच्या ओळीला उत्तरच नाही.

लिक्विड: ही कंपनी चांगली निघाली. साबण नारळ आणि पामच्या मेदाम्लांचा, पुरवठादाराचं पत्र जोडलेलं. चाचणीसाठी ठरावीक तारीखही दिली. यादीत नाव नाही, पण विचारल्यावर कागद पाठवला, म्हणून ठेवतेय.

अंगाचा साबण: स्टीअरिक ॲसिडबद्दल 'चौकशी करून कळवतो'. अजून कळवतायत.

सॉफ्टनरची बाटली बाजूला ठेवली. आणि एक प्रयोग केला. सॉफ्टनरमधून निघालेला एक टॉवेल आणि त्याशिवाय चारदा धुतलेला दुसरा, दोन्हींवर चमच्याने पाण्याचा थेंब सोडला. दुसऱ्यात तो तत्काळ जिरला. पहिल्यावर थेंब मण्यासारखा बसून राहिला, टॉवेल वाकडा केल्यावर घरंगळत कडेला गेला. लोंबणाऱ्या शेपट्या म्हणतात त्या याच! अंग पुसायच्या टॉवेलला मी दोन वर्षं पाणी न शोषायला शिकवत होते.

नुसता टॉवेल जरा खरबरीत लागतो, पण दोरीवर घालण्याआधी दोनदा जोरात झटकला की चालतो. नवऱ्याचं मत वेगळं आहे.

---

मीनल_त

सॉफ्टनरऐवजी शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घालतात ना? मी पण बंद करते, चट्टे त्यानेच असतील कदाचित.

---

रसायनी

व्हिनेगरने कपडे मऊ होत नाहीत, उरलेला क्षार निघतो म्हणून कमी कडक लागतात. कधीमधी चालेल. रोज घातलंत तर मशीनच्या रबराला ते मानवत नाही. डॉक्टरांकडे गेलात का?

---

मीनल_त

उद्याची वेळ मिळालीये.

---

खारूताई

सगळे पामला 'झाड आहे, चालतं' म्हणून पुढे गेलात. पामसाठी जंगलं तोडली जातात, ओरांगउटान बेघर होतात. चरबी तर कत्तलखान्यात उरतेच, कोणी गुरं साबणासाठी कापत नाही. मग कमी क्रूर कोणतं?

---

अर्धविराम

यावर माझ्याकडे सरळ उत्तर नाही. चरबी उरते हे खरं, पण ती विकून जे पैसे मिळतात ते मांसाच्याच धंद्यात जातात, म्हणून मला ती नको. शाश्वत पामची प्रमाणपत्रं आहेत, त्यातही काहींत खरा पाम वेगळा ठेवलेला असतो आणि काहींत कागदावरचा हिशोब जुळवलेला असतो. पाम नको म्हणून सगळे नारळाकडे वळले तर तेवढ्याच तेलाला पामपेक्षा जास्त जमीन लागेल.

आणि हेही ऐकून ठेवा: सशाच्या डोळ्याऐवजी जी पर्यायी चाचणी मान्य झाली, त्यातल्या एका प्रकारात कत्तलखान्यातून आणलेले गुरांचे डोळे वापरतात. माणसाच्या पेशी वाढवून केलेले, डोळ्याच्या पारदर्शक पटलासारखे थरही आता मान्य आहेत, पण कोणत्या कंपनीने कोणती चाचणी केली हे पत्र लिहूनही कळत नाही. मी दोनदा विचारून पाहिलंय.

---

उगाच_एक

माझ्या सॉफ्टनरच्या पाठीवर 'डायहायड्रोजनेटेड टॅलो...' असं लांबलचक नाव आहे. तरी पुढे ससा आहेच. टॅलो म्हणजे तेच ना?

---

रसायनी

तेच. तुमच्या कंपनीने निदान नाव तरी लिहिलं.

---

निळीशाई

अर्धी बाटली उरलीये तिचं काय करू? ओतून दिली तर थेट पाण्यात जाईल, वापरली तर टॉवेल आणि मन दोन्ही खट्टू. शेजारीण नेते म्हणाली, पण तिला आत काय असू शकतं ते सांगितल्यावर विचार करते म्हणाली. बाटली अजून ओट्यावरच आहे.